पगार ब…

आमच्या ॲपमध्ये माझंच गाव सापडत नव्हतं. शोधायच्या चौकटीत मी ‘कोऱ्हाळे’ लिहायचो आणि खाली फिकट करड्या अक्षरांत उत्तर यायचं, ‘परिणाम आढळला नाही’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजारी असल्यासारखंच वाटलं. तीन दिवस काढा घेतला, परिणाम आढळला नाही. कुणीतरी ‘रिझल्ट’ हा शब्द कोशात बघितला होता आणि जो अर्थ आधी हाताला लागला तो उचलून चौकटीखाली डकवला होता.

कोऱ्हाळे बुद्रुक बारामती तालुक्यात, नीरा-बारामती रस्त्यावर आहे. ऊस आहे, दूध आहे, एसटी थांबते. ‘बुद्रुक’ हा फारसीतल्या ‘बुजुर्ग’चा इकडे येऊन रुळलेला नातू, म्हणजे आमचं ते मोठं, धाकटं कोऱ्हाळे खुर्द. एवढं मोठं गाव हरवलं कसं, याची चौकशी केली तर गुन्हेगार गावाच्या नावातच बसलेला निघाला. कुऱ्हाडीतला, वऱ्हाडातला तो वाकडा ‘ऱ’. संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो (तऱ्हेतही तोच), दिसायला दोन्ही सारखे, पण पोटात वेगळे:

```
कोऱ्हाळे   ऱ U+0931, मग ्, मग ह
कोर्‍हाळे   र U+0930, मग ्, मग ZWJ, मग ह
```

यादीत गावाचं नाव पहिल्या तऱ्हेने होतं, माझा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहीत होता. माणसाला एकच गाव दिसतं, यंत्राला दोन. शिवाय ज्यांना हा ‘ऱ’ सापडतच नाही ते सरळ ‘कोर्हाळे’ लिहून मोकळे होतात, ते तिसरं. शोधायच्या आधी ही सगळी रूपं एकसारखी करून घ्यायची, एवढाच त्यावरचा उपाय, आणि तो प्रोग्रामर मुलीने दुपारच्या चहाआधी केला. माझं काम त्यापुढचं होतं. नाव खरंच सापडलं नाही, तर ॲपने काय म्हणायचं?

कारण मी पुण्यात बटणांवर लिहायची नोकरी करतो. घरी हे समजावून सांगायला मला दोन दिवाळ्या लागल्या. पहिल्या वर्षी आईचा समज झाला की मी शर्टांच्या कारखान्यात आहे. मग मी तिच्या मोबाईलवर दाखवलं, हे बघ, इथे ‘पुढे’ लिहिलंय ना, तसलं मी लिहितो. ती म्हणाली, “एवढंच?” म्हटलं, आणि चुकलं तर काय चुकलं तेही. आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मान वर न करता विचारलं, “आणि त्याचा पगार शब्दावर देत्यात का बटणावर?”

तर हे ॲप एका खासगी डेअरीचं. नाव सांगत नाही, नोकरी चालू आहे. डेअरीने मोठ्या जाहिरात कंपनीकडून ‘ब्रँडचा आवाज’ करून घेतला होता. त्याचं जाडजूड पुस्तक होतं, गुळगुळीत कागदावर छापलेलं. आमची डेअरी माणूस असती तर ती कशी असती, असा त्यात सवाल होता आणि उत्तर होतं: जिव्हाळ्याची, प्रामाणिक, किंचित खेळकर. मुखपृष्ठावर गोठ्यात हसणारा शेतकरी आणि खाली ‘आपल्या घरचं माणूस’. टेम्पोवर तेच, पिशवीवर तेच, रेडिओवरही तेच, तेही एका भलत्या गोड आवाजात. आणि ॲप उघडलं की घरचं माणूस म्हणायचं, ‘अवैध मोबाईल क्रमांक’.

आमच्याकडे ‘अवैध’ हा शब्द दोनच गोष्टींना लागतो, वाळूउपसा आणि दारू. काकूने दहाऐवजी नऊ आकडे टाकले तेव्हा तिला लाल अक्षरांत हेच वाचायला मिळालं. तिने मोबाईल उपडा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्याला हात लावला नाही. रात्री मला हळूच विचारलं, “कुणी येणार तर न्हाई ना रं?” मी तिथे लिहिलं, ‘नंबर 10 आकडी हवा, एक कमी पडतोय’. हे वाक्य लिहायला प्रतिभा लागत नाही. फक्त चौकट आकडे मोजू शकते हे प्रोग्रामरला विचारून घ्यावं लागतं. मोजू शकत असेल, तर ‘अवैध’ म्हणायचं कारणच काय? पोस्टमन पत्ता अपुरा असेल तर काय अपुरं आहे ते सांगतो, पत्र अवैध आहे म्हणत नाही.

आवाजाचं पुस्तक आणि बटण यांच्यामध्ये एक मोठी दरी असते आणि तिच्यात बहुतेक ब्रँड पडतात. जाहिरात लिहिणाऱ्याला जागा असते, संगीत असतं, हसणारा शेतकरी असतो. बटणाला बारा-पंधरा अक्षरं. त्यातून ती अक्षरं बहुधा शेवटच्या आठवड्यात कुणीतरी इंग्रजीवरून उतरवतो. ‘सबमिट’चं होतं ‘सादर करा’, म्हणजे आता पेटी-तबला मागवायचा. ‘सेशन एक्स्पायर’चं होतं ‘सत्र कालबाह्य झाले’. शाळा सुटली म्हणावी तर सुट्टी दिसत नाही. आणि जे काही होतं ते सगळं ‘यशस्वीरीत्या’ होतं. पत्ता यशस्वीरीत्या बदलला, फोटो यशस्वीरीत्या चढला. आमच्या घरात यशस्वीरीत्या झालेली शेवटची गोष्ट म्हणजे आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि तेही डॉक्टर म्हणाले म्हणून.

वास्तविक या कलेत मराठी माणूस अडाणी नाही. पुण्याच्या वाड्यांवरच्या पाट्या म्हणजे दुसरं काय? बेल एकदाच वाजवा, चपला कुठे काढा, कुणाकडे काय मागू नका. चार शब्दांत मालकाचा स्वभाव, त्याची दुपारची झोप आणि त्याचं शेजाऱ्यांशी भांडण, सगळं कळतं. हा झाला आवाज, भले तो जिव्हाळ्याचा नसेल. आणि माझ्या मते मराठीतला सगळ्यात सुंदर त्रुटीसंदेश एसटीत आहे: ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. काय झालं, कुणामुळे झालं, याची एका अक्षरानेही चर्चा नाही. दारावरच लिहिलंय, आणि दार तिथेच आहे. एसटीने ‘अरेरे! काहीतरी गडबड झाली’ असं लिहिलं असतं तर?

तर मी डेअरीच्या केंद्रावर जाऊन बसायचं ठरवलं. सकाळी सहाला कोऱ्हाळ्यातल्या आमच्या केंद्रावर रांग असते. किटल्या, कॅन, मोटरसायकली, एखादी शाळेची मुलगी. तिथे जो पोरगा दूध घेतो त्याने ब्रँडचं पुस्तक पाहिलेलं नाही, पण डेअरीचा आवाज तोच आहे. मी वहीत त्याचे शब्द लिहून घेतले. आमच्या ॲपमध्ये ‘संकलन नोंद’ होती, रांगेत माणसं डेअरीला दूध ‘घालत’ होती. ॲपमध्ये ‘फॅट मूल्य’, रांगेत “फॅट किती लागली?” ॲपमध्ये ‘पेआउट’, आणि रांगेत तर कुणाच्या तोंडी तो शब्द येणंच शक्य नव्हतं. दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे येतात, त्याला इथे पगार म्हणतात. सरकारी नोकराचा महिन्याला एक, गाईवाल्याचे तीन. या एका शब्दात जेवढी ऐट आहे तेवढी आमच्या पूर्ण जाहिरातीत नव्हती.

मी पुण्याला येऊन ‘पेआउट पहा’ खोडून ‘पगार बघा’ लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. आठ दिवसांनी केंद्रावर निम्म्या लोकांचे चेहरे पडलेले. मोबाईल स्वस्तातले, स्क्रीन अरुंद, त्यात चष्मा नको म्हणून अक्षरं मोठी करून घेतलेली. बटणात ‘पगार बघा’ मावत नव्हतं. ॲपने शेपटी कापून तिथे तीन टिंबं ठेवली होती:

‘पगार ब…’

एवढं वाचून ‘बघा’ कुणाच्या मनात येईल? सगळ्यांनी ‘बंद’ वाचलं. आबांनी तर बटण दाबलंच नाही, म्हणाले, दाबून कशाला पक्कं करायचं. त्या दिवसापासून मी बटणावर जो शब्द लिहितो तो अक्षरं सगळ्यात मोठी करून, सगळ्यात हलक्या मोबाईलवर बघतो. आणि महत्त्वाचा शब्द आधी ठेवतो, म्हणजे शेपटी गेली तरी जीव राहील. आता तिथे नुसतं ‘पगार’ आहे.

या कामात खरी फजिती करते ती मात्र मराठी. इंग्रजीत वाक्याला भोक पाडून त्यात कुठलाही शब्द बसवता येतो. आमच्या ॲपमध्ये जनावर नोंदवलं की संदेश यायचा, त्याचा साचा होता ‘%s जोडला’. बैल जोडला, ठीक. मग ‘म्हैस जोडला’. मग ‘वासरू जोडला’. पुढच्या पडद्यावर ‘म्हैसला लस द्या’. म्हशीला कुणी ‘म्हैसला’ म्हणालं तर गोठ्यातली म्हैससुद्धा मान वळवून बघेल, हा कुठला पाहुणा म्हणून. गावांच्या नावांची तीच गत, ‘कोऱ्हाळे बुद्रुक चे केंद्र’. मधलं अंतर पाहिलंत? ‘चे’ बिचारं दारात चपला काढून उभं आहे.

प्रत्येक शब्दाचं लिंग आणि सामान्यरूप यंत्राला शिकवायचं, हा एक मार्ग. तो मोठ्या कंपन्यांना परवडतो. आमच्यासारख्यांनी पळवाट काढायची. ज्या शब्दाचं लिंग माहीत नाही त्याला वाक्यात क्रियापदाशेजारी बसूच द्यायचं नाही. त्याला बाहेर ओट्यावर ठेवायचं, मध्ये दोन टिंबं मारायची आणि आत नेहमीचं घरातलं माणूस बसवायचं. माझं ते माणूस म्हणजे ‘नोंद’. नोंद कायम स्त्रीलिंगी, ती कुणाचीही झाली तरी झालीच:

```xml
<string name="animal_added">%1$s: नोंद झाली</string>
<plurals name="buffalo_count">
    <item quantity="one">%1$d म्हैस</item>
    <item quantity="other">%1$d म्हशी</item>
</plurals>
```

खालचा तुकडा मोजण्यासाठी, नाहीतर ‘5 म्हैस’ आणि ‘1 म्हशी’ दोन्ही बघायला मिळतात. ‘केंद्र: कोऱ्हाळे बुद्रुक’ हीही तीच युक्ती. माणसांच्या बाबतीत मराठी स्वतःच मदतीला येते. ‘दूध घालायला आला’ म्हटलं की आला का आली, हा पेच. ‘आईंनी 6 लिटर दूध घातलं’ म्हटलं की क्रियापद दुधाकडे बघतं, घालणाऱ्याकडे बघतच नाही. आमच्याकडे खातं बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर आणि धार काढणारी, केंद्रावर येणारी बाई. हा प्रश्न व्याकरणाने सोडवलेला नाही, पण निदान ॲपला तो रोज सकाळी उघडा पाडावा लागत नाही.

ॲपने स्वतःला काय म्हणायचं, यावर ऑफिसात दोन तास बैठक झाली. ‘मी तपासतो’ की ‘मी तपासते’? डेअरी पुरुष की बाई? जाहिरातीत आवाज बाईचा होता, मालक पुरुष होते. शेवटी ‘आम्ही’वर तह झाला. वापरणाऱ्याला ‘आपण’ म्हणायचं असा काहींचा आग्रह होता, पण ‘आपण’ ऐकलं की आमच्या लोकांना बँकेची नोटीस आल्यासारखं होतं. ‘तू’ अशक्य, आबांना ‘तू’ म्हणणारी माणसं आता दोनच उरली आहेत आणि त्यातलं एक देवळात असतं. ‘तुम्ही’ राहिलं. ‘झाले’ नाही, ‘झालं’ लिहायचं, आणि एकदा ‘झालं’ लिहिलं की सगळीकडे ‘झालं’च. एका पडद्यावर ‘झालं’ आणि दुसऱ्यावर ‘झाले’ आलं की दोन माणसं बोलतायत हे लगेच कळतं, आणि त्यातला एक तलाठी वाटतो.

एका हौशी सहकाऱ्याने सुचवलं, की गावची बोलीच घालू या, ‘दूध आलं बगा’ वगैरे. मी नको म्हणालो. बोली बोलायला गोड लागते. पण पुण्यात बसून लिहिलेली बोली गावातल्या माणसाला मोबाईलवर दिसली, की आपली नक्कल करतायत हे तो ओळखतो. शब्द त्यांचे घ्यावेत, उच्चार त्यांच्या तोंडातून काढून घेऊ नयेत.

आता माझ्या पापाकडे येतो.

दूध परत करण्याचा संदेश. गाईच्या दुधाचा मूळ दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला बांधलेला असतो. एसएनएफ म्हणजे दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, साखर, प्रथिनं, क्षार वगैरे. तो घसरला की दर घसरतो आणि आमच्या डेअरीत 8 च्या खाली गेला की दूध परत. जुना संदेश होता ‘त्रुटी: गुणवत्ता मानक अपूर्ण. नमुना अस्वीकृत.’ मला पुस्तकातला ‘किंचित खेळकर’ आठवला. मी लिहिलं, ‘अरेरे! आज गाईचा मूड नाही वाटतं’, आणि पुढे हसरा चेहरा. ऑफिसात टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचं चित्र काढून भिंतीवर लावलं.

दुसऱ्या आठवड्यात मी केंद्रावर होतो तेव्हा तो चेहरा आबांना हसला. एसएनएफ 7.9, आणि 18 लिटर दूध. केंद्रावरचा मोठा पडदा रांगेकडे तोंड करून बसवलेला आहे, हे मी ऑफिसात बसून विसरलो होतो. मागच्या वीस माणसांनी ते वाचलं. कुणीतरी म्हणालं, “आबा, गाईला शिनेमाला न्या.” आबा काही बोलले नाहीत. कॅन उचलला, मोटरसायकलला अडकवला आणि माझ्याकडे न बघता गेले. ते वाक्य मी लिहिलंय हे त्यांना माहीत होतं की नाही, मी आजतागायत विचारलेलं नाही.

ब्रँडच्या आवाजावर जगभर ज्याचं नाव घेतात त्या मेलचिंप कंपनीने आपली लिहिण्याची नियमावली सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. आवाज कायम तोच राहतो, पण सूर ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो, आणि विनोदापेक्षा स्पष्टता आधी, असं ती सांगते. मी ती तीनदा वाचली होती. केंद्रावर दूध घेणाऱ्या पोराने एकदाही वाचली नव्हती. दूध परत करताना तो काय करतो ते मी नंतर नीट पाहिलं. आवाज खाली आणतो. “आबा, एसएनएफ बसंना. परत एकदा लावून बघू का?” एवढंच. आकडा सांगतो, दुसरी संधी देतो, आणि का बसत नाही यावर सगळ्यांसमोर बोलत नाही. कारण ‘एसएनएफ कमी’ याचा गावातला अर्थ एकच, पाणी घातलं. आणि तो दरवेळी खरा नसतो. चारा बदलला, गाईला दगडी झाली, म्हणजे कासेला सूज आली, यंत्र नीट धुतलं नाही, तरी आकडा घसरतो.

त्यावरून मी तोच संदेश दोन जागी दोन तऱ्हांनी लिहिला. रांगेकडच्या पडद्यावर फक्त ‘एसएनएफ 7.9’ आणि पोराच्या हाताशी बटण, ‘परत तपासा’. आबांच्या मोबाईलवर मात्र पूर्ण: ‘आज सकाळी एसएनएफ 7.9 लागला, दोनदा तपासला. 8 च्या खाली दूध घेता येत नाही, म्हणून 18 लिटर परत दिलं. गाईला दगडी असेल किंवा चारा बदलला असेल तरी असं होतं.’ खाली बटण, ‘डॉक्टरांना फोन’. ‘दोनदा तपासला’ हे शब्द खरोखर दोनदा तपासलं तरच उमटतात, हे प्रोग्रामर मुलीकडून लिहून घेतलं. नाहीतर घरचं माणूस खोटं बोलायला लागतं. यात खेळकर काही नाही. पण मोठ्याने वाचलं तर जाहिरातीतल्याच माणसाचा आवाज येतो, फक्त तो आता घरातलं कुणी आजारी असल्यासारखा बोलतोय.

रिकाम्या पडद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती एकाच भीतीची आहे. महिन्याच्या 7 तारखेला कुणी ‘पगार’ उघडलं की दिसायचं, ‘कोणतेही व्यवहार उपलब्ध नाहीत’. नवीन सभासदाला वाटायचं, सहा दिवसांचं दूध बुडालं. पडदा रिकामा असण्याची कारणं वेगवेगळी असतात. अजून वेळ झालेली नाही, आपण शोधलेलं सापडलं नाही, किंवा नेट नाही. तिन्हीला एकच वाक्य लावलं की माणूस त्यातला सगळ्यात वाईट अर्थ घेतो. आता तिथे येतं, ‘6 दिवसांचं 94 लिटर दूध जमा आहे. पगाराचा हिशेब 11 तारखेला इथे दिसेल.’ रिकामा पडदा मग रिकामा राहतच नाही. नेट नसेल तर, ‘नेट नाही. सकाळपर्यंतचा हिशेब दाखवतोय.’ आमच्याकडे नेट आणि लाइट बहुधा जोडीनेच जातात, त्यामुळे हा पडदा सगळ्यात जास्त वाचला जातो.

आणि मग काकूची म्हैस गेली. पावसाळ्यात, रात्रीतून. चार दिवसांनी काकूने ॲपमधून तिचं नाव काढायला घेतलं, कारण नाहीतर लसीच्या आठवणी येत राहतात. ॲपने विचारलं, ‘रद्द करायचे आहे का?’ खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता सांगा, काढायची तर काय दाबायचं? रद्द करा म्हणजे म्हैस रद्द की रद्द करणं रद्द? काकूने दोन्ही दाबून बघितली. मग कारण विचारलं, ‘विक्री / मृत्यू / इतर’. तिने मधलं निवडलं. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला, हिरवी बरोबरची खूण आली आणि ॲप म्हणालं, ‘छान! म्हैस यशस्वीरीत्या हटवली!’

हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. कुठलंही काम पुरं झालं की तो पाऊस पाडायचा, असा एकच नियम होता आणि तो कागदांचा पाऊस माझ्याच आग्रहाने आला होता, जिव्हाळा म्हणून. काकू रागावली नाही. तिला वाटलं मोबाईलमध्ये दिवाळीचं काहीतरी आहे.

तो पडदा मी सगळ्यात जास्त वेळ लावून लिहिला आणि त्यात सगळ्यात कमी शब्द आहेत. प्रश्न झाला, ‘या म्हशीची नोंद काढायची?’ बटणांवर जे होणार तेच लिहिलं, ‘नोंद काढा’ आणि ‘राहू द्या’. ‘कॅन्सल’ला ‘राहू द्या’ हा शब्द मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाट बघत बसला होता. दुकानदाराला आपण तोच म्हणतो, जेवताना वाढणाऱ्याला तोच. कारणांत ‘मृत्यू’ काढून ‘गेली’ केलं. त्यानंतर ना पाऊस, ना खूण, ना ‘आम्हाला दुःख झालं’. डेअरीला दुःख झालेलं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ‘नोंद काढली. विमा असेल तर कानातला बिल्ला जपून ठेवा, दाव्याला लागतो.’ बिल्ला नसेल तर दावा अडतो, आणि घाईत तो जनावराबरोबरच पुरला जातो. शेजारी येऊन बसलेला जाणता माणूस पहिल्यांदा हेच सांगेल, म्हणून तेच लिहिलं. ऑफिसात टाळ्या पडल्या नाहीत. एकाने विचारलं, यात ब्रँड कुठे आहे?

यंदा थंडीत आमची म्हातारी म्हैस गेली. मी घरी गेलो तेव्हा दावणीला तीनच होत्या. आईच्या मोबाईलवर ॲप उघडलं, तर वर ‘4 म्हशी’. अनेकवचन बरोबर होतं, पण आकडा चुकला होता. मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. म्हटलं, आई, तिची नोंद काढली नाहीस का?

“काढाय गेले हुते,” ती म्हणाली. “त्यानं इचारलं, काढायची का. खाली ‘राहू द्या’ पण हुतं. म्हटलं, ऱ्हाऊ द्या.”

मागच्या सोमवारी लाळ्या-खुरकुताच्या लसीची आठवण आली. 4 म्हशींची.